पीडीएफमधली ऊसबिलाची यादी एक्सेलमध्ये आणताना कॉलम सरकतात, त्यावर उपाय

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या पीकेपीएसमध्ये क्लार्क आहे. कारखान्याकडून ऊसबिलाची यादी पीडीएफमध्ये येते, ४७ पानं, सोळाशेच्या वर नावं. एक्सेलमध्ये आणली की कॉलम सरकतात, एका माणसाच्या दोन-तीन ओळी होतात आणि नावं तर वाचताच येत नाहीत. दर बिलाला दोन दिवस हाताने जुळवत बसतोय. काही सोपी पद्धत आहे का?

उत्तर:

भाऊ, आधी एक फोन करून बघा. कारखान्याच्या ऊस विभागात विचारा, यादी एक्सेल नाहीतर सीएसव्हीमध्ये मिळती का. दहातले नऊ वेळा "सिस्टमला ऑप्शन नाही" असंच उत्तर येणार, पण दहाव्या वेळी सगळं काम वाचतंय, म्हणून विचारायला लाजायचं नाही.

नाही मिळाली तर पीडीएफ उघडा आणि झूम करून ४०० टक्क्यांवर न्या. अक्षरांच्या कडा स्वच्छ राहिल्या आणि माऊसने एखादा आकडा सिलेक्ट झाला तर ती कॉम्प्युटरमधून निघालेली पीडीएफ आहे, काम होतंय. अक्षरं भुरकट झाली आणि काहीच सिलेक्ट होईना तर तो कागदाचा फोटो आहे, त्याचं शेवटी सांगतो. तुमची नावं "वाचता येत नाहीत" म्हणजे निदान काहीतरी अक्षर येतंय, त्यामुळे तुमची पहिल्या जातीची आहे असं धरून पुढं लिहितो.

आता कॉलम का सरकतात ते समजून घ्या, कारण तेवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतंय. आपल्याला पीडीएफमध्ये टेबल दिसतंय पण बहुतेक फायलींच्या आत टेबल नावाची गोष्टच नसते. आत फक्त एवढंच लिहिलेलं असतं की पानाच्या अमुक जागी "18.450" छाप, तमुक जागी "3,200" छाप. रेघा असल्या तर त्यापण वेगळ्या छापलेल्या असतात, त्यांचा आकड्यांशी काही संबंध नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो खाना रिकामा आहे त्याच्यासाठी फाईलमध्ये काहीच नसतं. रिकामा खाना आहे अशी नोंदसुद्धा नसते. म्हणजे एखाद्याचं बिल असं आहे समजा: १८.४५० टन, दर ३,२००, रक्कम ५९,०४०, कर्ज कपात २५,०००, शेअर कपात काही नाही, इतर कपात १५०, निव्वळ ३३,८९०. कॉपी करून पेस्ट केलं की हे येतंय:

```
112 00417 नाव 57/2 18.450 3,200 59,040.00 25,000.00 150.00 33,890.00
```

अनुक्रमांक, सभासद कोड, नाव, जमिनीचा आरएस नंबर आणि मग वरचे सात आकडे, अशा अकरा कॉलमच्या यादीत दहाच वस्तू आल्या. मग १५० जाऊन शेअरमध्ये बसतात, निव्वळ रक्कम "इतर कपात" मध्ये बसती आणि निव्वळचा खाना मोकळा. शेजारच्या ज्या माणसाला तिन्ही कपाती आहेत त्याची ओळ मात्र बरोबर येती. म्हणून यादी अर्धी बरोबर अर्धी चुकीची दिसती आणि आपल्याला वाटतं एक्सेल खुळं झालंय.

एक्सेलचं स्वतःचं Get Data मधलं From PDF वापरून बघितलं असेल तर तिथंही हेच आहे, फक्त जरा हुशारीने. ते प्रत्येक पान वेगळं बघून मोकळ्या पट्ट्यांवरून कॉलम किती ते ओळखतं. ज्या पानावर एकाचीही शेअर कपात नाही त्या पानावर त्याला शेअरचा कॉलम बऱ्याचदा दिसतच नाही, ते दहाच कॉलम काढून देतं. पान १२ ला अकरा, पान १३ ला दहा, आणि सगळी पानं एकाखाली एक जोडली की तेराव्या पानापासून गोंधळ.

त्यामुळे उपाय एकच आहे, सॉफ्टवेअरला अंदाज करू द्यायचा नाही, कॉलम कुठं सुरू कुठं संपतो ते आपण सांगायचं.

मी यासाठी टॅब्युला वापरतो. फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, जावा घातलेलं पाहिजे एवढंच. त्या ऑनलाईन कन्व्हर्टरच्या वेबसाईटवर यादी टाकत असाल तर कृपा करून बंद करा, सोळाशे सभासदांची नावं, जमिनीचे नंबर आणि किती पैसे मिळाले हे सगळं आपण कुणाच्या तरी हातात देतोय.

तुमच्या यादीत प्रत्येक खान्याला चारी बाजूंनी रेघ असेल तर तुम्ही नशीबवान. टॅब्युलात Lattice म्हणून पद्धत आहे, ती रेघांवरून खाने पाडती, रिकामा खाना रिकामाच राहतो आणि दोन ओळीत तुटलेलं नावपण एकाच खान्यात येतं. पंधरा मिनिटांत विषय संपला. पण कारखान्यांच्या याद्या मी बघितल्यात त्यात बहुतेक वेळा फक्त वर हेडिंगला एक रेघ आणि खाली एक रेघ, मध्ये सगळं मोकळं रान. त्यासाठी Stream पद्धत आणि कॉलमची मापं आपली.

माप काढायला मी काय करतो सांगतो, हसू नका. यादीचं एक पान प्रिंट काढतो आणि पट्टी लावतो. प्रिंट काढताना Actual size निवडायचं, Fit ठेवलं तर पान थोडं आकसतं आणि सगळी मापं चुकतात. पानाच्या डाव्या कडेपासून मिलिमीटर मोजायचे आणि २.८३५ ने गुणायचे, कारण पीडीएफ पॉइंटमध्ये मोजतं, एका इंचाला ७२ पॉइंट. आडवं ए-फोर पान ८४२ पॉइंट रुंद असतं, उभं असलं तर ५९५.

रेघ कुठं मारायची यातच खरी गोम आहे. पहिल्यांदा सगळेच दोन कॉलमच्या मोकळ्या जागेच्या बरोब्बर मध्ये मारतात, मीपण तेच केलेलं. पण आकडे उजव्या बाजूला चिकटवून छापलेले असतात, आकडा मोठा झाला की तो डावीकडे वाढतो. समोरच्या पानावर सगळ्यांची रक्कम पन्नास-साठ हजार आहे म्हणून तुम्ही मधोमध रेघ मारली, आणि पान ३१ वर एकाचे ३५ टन निघाले, रक्कम १,१२,०००, की रेघ त्या आकड्यालाच चिरते. मग दराच्या खान्यात "3,200 1," येतं आणि रकमेच्या खान्यात "12,000.00". लाखाचं बिल बारा हजारांचं झालं. म्हणून आकड्यांच्या कॉलममध्ये रेघ नेहमी डावीकडच्या कॉलमच्या उजव्या कडेला लागून मारायची, एक मिलिमीटर सोडून, म्हणजे पुढच्या आकड्याला डावीकडे वाढायला सगळी जागा मोकळी राहती. माझ्या एका यादीत कर्जाचा आकडा २०३ मिलिमीटरवर संपत होता, मी रेघ २०४ वर धरली, २०४ गुणिले २.८३५ म्हणजे ५७८. नावाचं उलटं असतं, नावं डावीकडून सुरू होतात, तिथं रेघ नावाच्या अगदी आधी मारायची. आणि नावानंतरच्या रेघेसाठी यादीतलं सगळ्यात लांब नाव शोधून ते कुठं संपतं बघायचं, पहिल्या पानावरच्या नावांवर भरवसा ठेवायचा नाही.

अकरा कॉलमला दहा रेघा लागतात. कमांड अशी दिसती:

```
java -Dfile.encoding=UTF-8 -jar tabula.jar -t -p 2-46 -a 108,28,553,808 -c 60,105,275,329,380,428,505,578,635,703 -o yadi.csv yadi.pdf
```

घाबरू नका, एकदाच लिहायची आहे. इथं टॅब्युलाची जी कमांडवाली जार फाईल मिळती ती वापरायची, तिचं नाव लांबलचक असतं म्हणून मी बदलून `tabula.jar` केलंय. ती जार आणि यादी एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत `cmd` टाईप करून एंटर मारा, काळी खिडकी उघडती तिथं ही ओळ पेस्ट करा. `-t` म्हणजे स्ट्रीम. `-c` पुढं आपल्या रेघा. `-a` म्हणजे पानावरचा कुठला डबा घ्यायचा, क्रम वरून, डावीकडून, खाली, उजवीकडे, हेपण पॉइंटमध्येच. डबा असा धरायचा की वरचं हेडिंग आणि खालचा पान नंबर बाहेर राहील, म्हणजे ४७ वेळा हेडिंग काढत बसायला नको. पहिल्या पानावर कारखान्याचं नाव पत्ता असतो त्यामुळे डबा खाली सरकतो आणि शेवटच्या पानावर एकूण बेरीज असती, म्हणून मी ही दोन पानं वेगळी काढतो आणि मधली २ ते ४६ एकदम. सगळ्यात आधी फक्त `-p 3` देऊन एक पान काढून बघा, जमलं की बाकीची.

सीएसव्ही तयार झाली की तिच्यावर डबल क्लिक करायचं नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतःच्या मनाने ठरवतंय, सभासद कोड `00417` चा `417` होतो आणि आरएस नंबर `12/3` असला की त्याची तारीख होती, बारा मार्च नाहीतर तीन डिसेंबर. तारीख झाली की मूळ नंबर काय होता ते परत मिळत नाही. एक्सेल आधी मोकळं उघडा, Data मध्ये From Text/CSV घ्या आणि Data Type Detection च्या जागी Do not detect data types निवडा. मग सगळंच टेक्स्ट म्हणून येतं, त्यातले टन, दर आणि पैशाचे कॉलम नंतर आकड्यात बदलायचे: आधी त्या कॉलममधले स्वल्पविराम Find and Replace ने काढा, मग एकेक कॉलम सिलेक्ट करून Text to Columns मध्ये सरळ Finish दाबा. अनुक्रमांकाचा कॉलमपण बदलून घ्या, कोड आणि आरएस नंबरला मात्र हात लावायचा नाही. आकडे खान्यात उजवीकडे सरकले की झालं, डावीकडे चिकटून राहिले तर अजून टेक्स्टच आहे, बहुतेक आकड्याच्या मागे न दिसणारी स्पेस असती.

आता एका माणसाच्या तीन ओळी. लांब नाव दोन ओळीत मोडलेलं असतं आणि आकडे उंचीने मधोमध छापलेले असतात, त्यामुळे पहिली ओळ अर्धं नाव, दुसरी ओळ कोड आणि आकडे, तिसरी ओळ उरलेलं नाव. लोक ही नावं जोडत बसतात. मी जोडत नाही, सरळ टाकून देतो.

कारण तुमची नावं तशीही वाचता येत नाहीत म्हणताय. यादी जुन्या नुडीसारख्या नाहीतर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असली तर फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्टमुळे ती कन्नड मराठी दिसतात, फॉन्ट गेला की कचरा. युनिकोड असलं तरी पीडीएफमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या हलतात, "पाटील" चं काहीतरी भलतंच होऊन येतं. आकडे इंग्रजी असतात म्हणून ते नीट येतात. मग नाव कशाला पाहिजे? कोड आहे की. तुमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये कोड आणि नाव आधीच आहे, तिथून ओढायचं:

```
=VLOOKUP(B2,Register!A:B,2,FALSE)
```

दोन्हीकडे कोड टेक्स्टच पाहिजे, एकीकडे `00417` आणि दुसरीकडे `417` असलं तर `#N/A` येतं. सगळं जुळूनही पाच-सहा `#N/A` राहिले तर ते नवीन सभासद, नाहीतर कारखान्याने बदललेले कोड, ते हाताने बघा.

मग ओळी काढायच्या म्हणजे कोड रिकामा आहे त्या फिल्टर करून डिलीट. पण डिलीट दाबायच्या आधी टनाच्या कॉलममध्ये बघा. काही याद्यांत एकाच शेतकऱ्याची दोन शेतं असली तर कोड पहिल्या ओळीलाच छापतात, दुसऱ्या ओळीला कोड मोकळा पण आरएस नंबर आणि टन असतात. ती ओळ नावाचा तुकडा नाही, ते कुणाचं तरी बिल आहे. तसं दिसलं तर आधी तिथं वरचा कोड खाली उतरवून घ्या, मगच उरलेल्या काढा. "मागील पानावरून" आणि "पुढे नेले" अशा ओळी असल्या तर त्यापण आताच काढायच्या, नाहीतर बेरीज दुप्पट तिप्पट येती.

आता ताळा. मी याच्याशिवाय एकही यादी पोस्टिंगला घेत नाही. उजवीकडे तीन मोकळे कॉलम घ्या, एकात पहिलं, दुसऱ्यात दुसरं, तिसऱ्यात तिसरं:

```
=ROUND(E2*F2-G2,2)
=ROUND(G2-SUM(H2:J2)-K2,2)
=A3-A2
```

म्हणजे टन गुणिले दर वजा रक्कम, रक्कम वजा तिन्ही कपाती वजा निव्वळ, आणि अनुक्रमांक एकाने वाढतोय का. पहिल्या दोन्हीत शून्य यायला पाहिजे, कारखाना रुपयात राउंड करत असला तर पन्नास पैशांच्या आतला फरक सोडून द्या. तिसऱ्यात एक यायला पाहिजे, दोन आला तर पान बदलताना ओळ पडली, डब्याचं माप वरखाली थोडं वाढवा. दुसऱ्या शेताच्या ओळीला अनुक्रमांक नसतो, तिथं हा ताळा बिघडणारच, ती डोळ्याने बघायची.

चुकीचा आकडा काय आलाय त्यावरून रोग कळतो, हे शिकून घेण्यासारखं आहे. पहिल्या ताळ्यात `#VALUE!` आलं तर दराच्या खान्यात कापलेला तुकडा शिरलाय, वर सांगितलं ना "3,200 1,", तसा, रेघ डावीकडे सरकवा. दुसऱ्या ताळ्यात फरक बरोब्बर कर्जाएवढाच आला, म्हणजे वरच्या उदाहरणात २५,०००, तर कॉलम बरोबर आहे पण तो आकडा टेक्स्ट आहे. SUM टेक्स्टला मोजतच नाही, गुणाकार मात्र टेक्स्टलाही आकडा समजून घेतो, त्यामुळे पहिला ताळा जुळतो आणि दुसरा नाही. तिथं रेघांशी खेळत बसू नका, तो कॉलम परत आकड्यात बदला.

आडवा ताळा जुळला म्हणून खूश व्हायचं नाही, हे मी पैसे मोजून शिकलोय. बऱ्याच वर्षांमागे मी हाताने खाने ओढून यादी जुळवायचो. एकाला कर्ज कपात नव्हती, शेअरचे ५०० होते, माझ्याकडून ते ५०० कर्जाच्या खान्यात बसले. रक्कम वजा कपाती बरोबर निव्वळ, ताळा शून्य, कारण ५०० या खान्यात असले काय त्या खान्यात असले काय, बेरीज तीच. तो माणूस पासबुक घेऊन आला, "आण्णा, मी कर्जच काढलं नव्हतं, हे कसलं जमा?" तेव्हा कळलं. तसले एकूण अकरा निघाले. म्हणून उभा ताळापण घ्यायचा: टन, रक्कम, कर्ज, शेअर, इतर, निव्वळ, प्रत्येक कॉलमची बेरीज यादीच्या शेवटच्या पानावरच्या बेरजेशी. आडव्यात सुटलेली अशी चूक उभ्यात सापडते, फक्त कॉलम एकेक करून बघायचा, सगळ्या कपाती एकत्र करून बघितलं तर परत तीच फसगत. आणि शेवटच्या पानावरचे आकडे डोळ्याने वाचून हाताने टाईप करा, कारण एकूण बेरीज सगळ्यात रुंद आकडा असतो, कोटीत गेला की तो शेजारच्या कॉलममध्ये घुसलेला असतो आणि आपल्या रेघा त्याला कापतात.

पुढच्या बिलाला नुसती फाईल बदलून तीच कमांड चालती, पण कारखान्याने यादीत एखादा कॉलम वाढवला नाहीतर फॉन्ट लहान केला की मापं गेली. म्हणून दरवेळी एक पान काढून ताळा लावून बघायचा, मगच सगळी.

आणि स्कॅन असली तर. त्यासाठी आधी फोटोवरची अक्षरं ओळखून घ्यावी लागतात, मी त्याला ocrmypdf नावाचा प्रोग्राम वापरतो:

```
ocrmypdf --deskew -l eng yadi.pdf yadi2.pdf
```

`--deskew` ने वाकडं पान सरळ होतं, ते नसलं तर डावीकडची ओळ आणि उजवीकडचा आकडा एका रेषेत येतच नाहीत. भाषा मुद्दाम फक्त इंग्रजी ठेवलीय कारण आपल्याला आकडेच पाहिजेत, नावं कोडवरून येणार. नंतर `yadi2.pdf` वर वरचीच टॅब्युलाची कमांड. पण प्रत्येक पान स्कॅनरवर थोडं वेगळं बसलेलं असतं, त्यामुळे एकच माप ४७ पानांना लागत नाही, चार-पाच गठ्ठे करून वेगवेगळी मापं द्यावी लागतात. त्यात ३ चा ८, १ चा ७ आणि दशांश टिंब गायब हे ठरलेलं. १८.४५० चे १८,४५० टन झाले तर पहिला ताळा लगेच बोंबलतो, पण कोडमधला आकडा चुकला तर कुठलाच ताळा सांगत नाही, पैसे सरळ दुसऱ्याच्या नावावर जातात. म्हणून स्कॅन यादीत कोड एकेक करून कागदाशी ताडून बघायचे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचे. सोळाशे नावांना आमच्याकडे दोघांना एक अख्खी दुपार लागती.